सान्तपणा सांगणारे वाक्य

‘निदान तीन वस्तू आहेत’ हे पहिल्या क्रमाच्या तर्कशास्त्रात सहज लिहिता येते: एकमेकींहून वेगळ्या क, ख, ग आहेत, एवढेच म्हणायचे. ‘निदान एक लाख’ही असेच लिहिता येते, फक्त वाक्य लांबते. पण ‘वस्तू सान्त आहेत’, म्हणजे कितीही असोत पण त्यांची मोजणी कुठेतरी संपते, हे काही केल्या लिहिता येत नाही.

समजा, असे वाक्य सापडले. त्याच्यासोबत ‘निदान १’, ‘निदान २’, ‘निदान ३’ अशी न संपणारी यादी ठेवू. तिच्यातली मोजकी वाक्ये उचलली, तर ती पाळणारे जग नक्की मिळते. सर्वांत मोठी मागणी लाखाची असेल, तर लाख वस्तू पुरतात. कुर्ट गोडेलने १९३० मध्ये दाखवले, की अशा वेळी सगळी यादी एकदम पाळणारे जगही असतेच. म्हणजे ते सान्त असून प्रत्येक संख्येला पुरून उरणार! हे अशक्य.

अडचण अशी, की या भाषेत ‘प्रत्येक’ हा शब्द फक्त वस्तूंना लावता येतो. दुसऱ्या क्रमात तो वस्तूंच्या संचांना आणि फलनांनाही लागतो. मग रिचर्ड डेडेकिंडची १८८८ची कल्पना एका वाक्यात मावते: वस्तूंची वस्तूंशी जोडी लावणाऱ्या प्रत्येक फलनात दोघांना एकच जोडीदार मिळत नसेल, तर जोडीदाराच्या जागी कोणीही येण्यावाचून राहत नाही. ०, १, २… या संख्यांत ते फसते. प्रत्येकीला पुढची संख्या दिली, की शून्य कोणाच्याच वाट्याला येत नाही.

त्याची किंमत मोठी आहे. गोडेलचा तो आधार इथे तुटतो, आणि दुसऱ्या क्रमातली सगळी सार्वत्रिक सत्ये सिद्ध करणारी नियमावली बनवताच येत नाही.