चिमूटभर मिठाने विरघळणे का वाढते

पोटाचा किंवा आतड्याचा एक्स-रे काढण्याआधी रुग्णाला पांढरे, दाटसर पेय पाजतात. त्याला बेरियम म्हणतात, पण ते असते बेरियम सल्फेट. पाण्यात मोकळे झालेले बेरियमचे आयन विषारी असतात, तरीही हे पेय पोटात जाऊ देता येते. कारण बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एक लिटर शुद्ध पाण्यात खोलीच्या तापमानाला जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते, बाकीचे तळाशी बसते.

आता त्याच लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त साधे मीठ टाकू. या मिठात बेरियम नाही, सल्फेटही नाही. आपल्याला वाटेल की पाण्यात आणखी एक पदार्थ आल्याने जागा कमी होईल आणि बेरियम सल्फेट उलट कमीच विरघळेल. घडते वेगळे. विरघळलेले प्रमाण अडीचवरून पावणेचार मिलिग्रॅमच्या आसपास जाते.

मीठ पाण्यात गेले की त्याचे सोडियमचे धन आयन आणि क्लोराईडचे ऋण आयन सुटे होतात. ते पाण्यात कसेही पसरलेले नसतात. बेरियमच्या धन आयनाजवळ ऋण आयन किंचित जास्त वेळ रेंगाळतात, सल्फेटच्या ऋण आयनाजवळ धन आयन. कोणी कोणाला चिकटून बसत नाही, सगळे सतत हलत असतात. पण सरासरी काढली तर प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे एक विरळ वलय दिसते. या वलयाच्या ओढीमुळे आयनाची ऊर्जा थोडी कमी होते, तो पाण्यात अधिक निवांत राहतो. परत जाऊन स्फटिकात बसण्याची त्याची घाई कमी होते, म्हणून पाण्यात आणखी काही आयन मावतात.

ही घाई किती कमी झाली, हे सांगणाऱ्या आकड्याला क्रियाशीलता गुणांक म्हणतात. तो 1 असेल, तर पाण्यातले सगळे आयन पूर्ण जोमाने वागतात. तो 0.6 असेल, तर शंभर आयन असूनही परिणाम साठांइतकाच होतो. स्फटिक आणि पाणी यांच्यातला समतोल आयनांच्या संख्येवर नव्हे, या परिणामावर ठरतो.

मग वलय किती दाट, हे कशावरून ठरवायचे? गिल्बर्ट लुईस आणि मर्ले रँडल यांनी 1921 मध्ये आयनी तीव्रता नावाचे माप मांडले. द्रावणातल्या प्रत्येक प्रकारच्या आयनाची संहती घ्यायची, तिला त्याच्या भाराच्या वर्गाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिचे निम्मे करायचे. लिटरमागे 0.01 मोल साधे मीठ असेल, तर आयनी तीव्रता 0.01 येते. तेवढेच मॅग्नेशियम सल्फेट असेल, तर दोन्ही आयनांचा भार 2, त्याचा वर्ग 4, म्हणून तीव्रता 0.04. या मापाला आयन कोणत्या मूलद्रव्याचे आहेत याच्याशी देणेघेणे नाही. ते मोजते फक्त संख्या आणि भार.

माप मिळाले, कारण मिळायचे होते. कलकत्त्यात ज्ञानचंद्र घोष यांनी 1918 च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला होता. पुढे खरगपूरच्या आयआयटीचे ते पहिले संचालक झाले. द्रावणातले आयनही स्फटिकासारख्या ठरावीक रचनेत असतात, असे त्यांनी मानले. तसे असेल तर परिणाम संहतीच्या घनमुळाप्रमाणे वाढायला हवा. 1923 मध्ये झुरिकमध्ये पीटर डिबाय आणि एरिक ह्युकेल यांनी ही ठरावीक रचना सोडून दिली. विद्युत ओढ आयनांना जवळ आणते आणि उष्णतेची हालचाल त्यांना पांगवते, या दोहोंच्या झटापटीतून सरासरी वलय किती मोठे होते, याचे गणित त्यांनी मांडले. उत्तरात घनमूळ नव्हे, वर्गमूळ आले. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यासाठी ते असे:

log γ = −0.509 |z₊z₋| √I

इथे γ हा क्रियाशीलता गुणांक, z हे दोन आयनांचे भार आणि I ही आयनी तीव्रता. वर्गमूळ का, हे वलयाच्या आकारातून कळते. 0.01 तीव्रतेला वलयाची त्रिज्या सुमारे 3 नॅनोमीटर असते, म्हणजे पाण्याचे दहा-अकरा रेणू ओळीने ठेवावेत इतकी. तीव्रता शंभरपट कमी केली, तर वलय दहापट पसरते. वलय जितके दूर, तितकी त्याची ओढ कमी. भारांचा गुणाकारही सहज समजतो. आयनाचा भार जास्त असेल, तर तो आपल्याभोवती दाट वलय जमवतो आणि त्या वलयाची ओढही त्यालाच जास्त लागते. भार असा दोनदा हिशेबात येतो.

आता आपल्या भांड्याचा हिशेब करू. मीठ 0.58 ग्रॅम, म्हणजे 0.01 मोल. बेरियम सल्फेटचे स्वतःचे आयन इतके थोडे, की ते सोडून देता येतील. तीव्रता 0.01, तिचे वर्गमूळ 0.1. बेरियम आणि सल्फेट दोघांचेही भार 2, गुणाकार 4. त्याला 0.509 आणि 0.1 ने गुणले की 0.20 येते. म्हणजे γ चा लॉग उणे 0.20 आणि γ सुमारे 0.63. शुद्ध पाण्यातले अडीच मिलिग्रॅम 0.63 ने भागले की जवळजवळ 4 येतात. आयनांनाही काही आकारमान असते, हे लक्षात घेऊन सूत्र सुधारले तर उत्तर 3.7 च्या आसपास उतरते.

हा फरक वाढतच जातो. डिबाय-ह्युकेल यांनी आयनांना बिंदू मानले होते आणि ओढ सौम्य असल्याचे गृहीत धरले होते. म्हणून याला सीमांत नियम म्हणतात. संहती शून्याकडे जाईल तसा तो अचूक होत जातो. साध्या मिठाचे मोजलेले आकडे त्याच्याशी ताडून पाहता येतात. 0.001 संहतीला नियम 0.964 सांगतो, मोजमाप 0.965. 0.1 ला नियम 0.69 म्हणतो, मोजमाप 0.78. 1 ला नियम 0.31 पर्यंत घसरतो, प्रत्यक्षात मात्र 0.66 मिळते. या टोकाला वलयाची त्रिज्या 0.3 नॅनोमीटर उरते, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढी. तिथे सरासरी वलय ही कल्पनाच टिकत नाही. त्याहून खारट द्रावणात गुणांक घसरायचा थांबून उलट वाढू लागतो, आणि त्याची चाहूलही या सूत्रात नाही.

विरळ टोकाला मात्र नियम चोख उतरला. ब्रोन्स्टेड आणि ला मेर यांनी 1924 मध्ये कोबाल्टच्या अल्पविद्राव्य क्षारांची विद्राव्यता वेगवेगळ्या मीठ-पाण्यात मोजली. लॉग आणि वर्गमूळ यांचा आलेख सरळ रेषेत आला आणि रेषेचा उतार भारांच्या गुणाकाराप्रमाणे बदलत गेला. घनमुळाचा प्रश्न तिथे निकाली निघाला.

त्यामुळे हे सूत्र वापरताना आधी आयनी तीव्रता काढावी. ती 0.01 च्या आत असेल, तर एकेरी भाराच्या क्षारांसाठी त्यावर विसंबता येते. दुहेरी भार असेल, तर त्याहूनही विरळ द्रावण हवे. समुद्राच्या पाण्याची आयनी तीव्रता 0.7 च्या आसपास असते. तिथे हा नियम लावू नये.