सहा हजार खोक्यांचा मोह

पुठ्ठ्याच्या खोक्यांचा पुरवठादार दरपत्रक पाठवतो तेव्हा त्यातली शेवटची ओळ सर्वांत आकर्षक दिसते: जास्त घ्या, कमी दर लावू. आपल्या उदाहरणातला एक छोटा चिवडा-फरसाण उद्योग धरू. त्याला वर्षाला १२,००० छापील खोकी लागतात. ३,०००च्या आत घेतली तर खोक्याला २५ रुपये दर आहे. ३,००० ते ५,९९९ घेतली तर २४.५० आणि ६,००० किंवा जास्त घेतली तर २४ रुपये. कमी दर सगळ्याच खोक्यांना लागू होतो. मग एका वेळी किती मागवायची?

गैरसमज: सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च.

दर हा वर्षाच्या खर्चाचा फक्त एक भाग आहे. दुसरा भाग प्रत्येक खेपेमागे लागणारा खर्च: टेम्पोचं भाडं, हमाली, आलेला माल मोजून तपासणं. आपल्या उद्योगात तो एका खेपेला १,००० रुपये धरू. (कारकुनाचा पगार यात धरायचा नाही. खेपा कमी झाल्या म्हणून त्याचा पगार कमी होत नाही.) तिसरा भाग माल पडून राहण्याचा. बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं ११ टक्के व्याज, दमट हवेनं आणि हाताळणीनं खराब होणाऱ्या खोक्यांचे ५ टक्के, मजकूर किंवा वजन बदललं की रद्दीत जाणाऱ्या छापील खोक्यांचे ४ टक्के आणि गोदामाच्या जागेचे ४ टक्के. एकूण मालाच्या किमतीच्या २४ टक्के, दरवर्षी. हे सगळे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण खर्चाचे प्रकार हेच असतात.

१९१३ साली फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्यानं मांडलेलं ईओक्यूचं सूत्र या दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्चाचा तोल साधतं. वर्षाची गरज आणि खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, तिला एका नगाच्या वार्षिक साठवण-खर्चानं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. २५ रुपये दराला साठवण-खर्च नगामागे ६ रुपये येतो आणि उत्तर बरोबर २,००० खोकी. वर्षाला सहा खेपा, म्हणजे खेपांचे ६,००० रुपये. माल येतो आणि हळूहळू संपतो, म्हणून सरासरी निम्मा, १,००० खोक्यांचा साठा पडून असतो आणि त्याचेही ६,००० रुपयेच. तीन लाखांच्या खरेदीत हे मिळवले की वर्षाचा खर्च ३,१२,००० रुपये.

गैरसमज: सूत्रानं २,००० सांगितलं, म्हणजे प्रश्न संपला.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा आणि बऱ्याच हिशेबनीसांचाही हा समज असतो. सूत्रात खरेदीची मूळ रक्कम नसते, कारण दर एकच असेल तर दोन हजारांच्या सहा खेपा घ्या नाहीतर एकदम बारा हजार घ्या, खरेदीचे तीन लाख तेच राहतात. प्रमाणानुसार दर बदलू लागला की हा आधारच निघून जातो. आता खरेदीची रक्कमही निर्णयावर हलते, म्हणून तीनही खर्चांची बेरीज प्रत्येक दराला वेगळी करावी लागते.

ती करण्याची पद्धत सोपी आहे, फक्त क्रम पाळायचा. सर्वांत स्वस्त दरापासून सुरुवात करून त्या दराचा ईओक्यू काढायचा. २४ रुपयांना तो २,०४१ येतो. पण दोन हजार खोक्यांना २४चा दर मिळतच नाही, म्हणून हे उत्तर कागदावरच राहतं. त्या दरात पाय ठेवायचा तर किमान ६,००० घ्यावी लागतील, तेव्हा खर्च ६,०००चा मोजायचा. एक पायरी वर येऊन २४.५०ला पाहिलं तर ईओक्यू २,०२० आणि अट ३,०००ची. इथंही खर्च ३,०००चाच मोजायचा. २५ रुपयांना २,००० चालतं, तिथं थांबायचं. स्वस्त दराचा ईओक्यू सुरुवातीलाच त्या दराच्या अटीत बसला असता तर पुढं जायची गरजच नव्हती, तेच उत्तर ठरलं असतं.

| एका खेपेला खोकी | दर (₹) | खरेदी (₹) | खेपांचा खर्च (₹) | साठवण (₹) | वर्षाचा एकूण खर्च (₹) |
|---|---|---|---|---|---|
| २,००० | २५.०० | ३,००,००० | ६,००० | ६,००० | ३,१२,००० |
| ३,००० | २४.५० | २,९४,००० | ४,००० | ८,८२० | ३,०६,८२० |
| ६,००० | २४.०० | २,८८,००० | २,००० | १७,२८० | ३,०७,२८० |

ना सूत्राचं २,००० जिंकलं, ना दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीतलं ६,०००. मधलं ३,०००चं प्रमाण ४६० रुपयांनी पुढं आहे. तीन हजारांवरून सहा हजारांवर गेलं तर खरेदीत ६,००० आणि खेपांत २,००० रुपये वाचतात, पण साठवणीत ८,४६० वाढतात.

याच तक्त्यात आणखी एक शंका दडलेली आहे. 'खेपांचा आणि साठवणीचा खर्च सारखा आला पाहिजे, नाहीतर हिशेब चुकला,' असं शिकवलेलं असतं. तीन हजारांच्या ओळीत ४,००० आणि ८,८२० आहेत, तरीही हिशेब बरोबर आहे. दोन्ही आकडे सारखे येतात ते फक्त ईओक्यूवर. सवलत घेण्यासाठी आपण मुद्दाम त्याच्या पुढं गेलो आहोत, तेव्हा साठवण जड होणारच.

गैरसमज: गोदाम स्वतःचं आहे, जागेचा खर्च कसला?

चारशे साठ रुपयांच्या फरकावर सगळं ठरत असेल, तर २४ टक्के हा आकडा कुठून आला, हे विचारायलाच हवं. जागेचे ४ टक्के काढून टाका. साठवण-खर्च २० टक्क्यांवर येतो. आता ३,००० खोक्यांचा वार्षिक खर्च ३,०५,३५० आणि ६,०००चा ३,०४,४००. उत्तर उलटलं, सहा हजार खोकी ९५० रुपयांनी स्वस्त पडली! बीजगणित मांडलं तर हा उंबरठा सुमारे २२.७ टक्क्यांवर येतो. त्याच्या वर ३,००० घ्यावी, खाली ६,०००.

म्हणजे मालक म्हणतो ते खोटं? नेहमीच नाही. गोदामाचा तो कोपरा वर्षभर रिकामाच राहणार असेल, तर त्याचा खर्च खरोखर शून्य धरावा आणि सहा हजार मागवावीत. पण दिवाळीआधी तिथं तेलाचे डबे आणि तयार माल ठेवायला जागा अपुरी पडत असेल, शेजारचा गाळा दोन महिने भाड्यानं घ्यावा लागत असेल, तर खोक्यांनी अडवलेल्या जागेची किंमत आहे आणि ती मोजलीच पाहिजे. घरची जागा म्हणजे फुकट, हे गृहीत धरण्याऐवजी ती जागा मोकळी राहिली असती तर काय झालं असतं, हे विचारावं.

व्याजाच्या बाबतीत मात्र मालक जे मांडतो ते मला मान्य नाही. 'पैसे कर्जाचे नाहीत, आपलेच आहेत' म्हणून व्याज शून्य धरलं जातं. तो पैसा खोक्यांत अडकला नसता तर शेंगदाण्याचा किंवा तेलाचा भाव पडलेला असताना तिकडे लावता आला असता. तेव्हा त्याचा खर्च शून्य धरता येत नाही. नुकसानीचे ५ टक्केही सगळीकडे सारखे नसतात. कोरुगेटेड पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो आणि त्याची भार पेलण्याची ताकद घटते. कोकणात पावसाळा धरून सहा महिन्यांचा साठा ठेवणं आणि सोलापुरात ठेवणं, दोन्हीला एकच टक्केवारी लावू नये.

गैरसमज: '३,०००च्या वर २४.५०' याचा एकच अर्थ होतो.

आपण धरलं की कमी दर सगळ्या खोक्यांना लागतो. काही पुरवठादारांच्या मनात वेगळंच असतं: पहिल्या ३,०००ना २५च, त्यापुढच्या ३,०००ना २४.५० आणि सहा हजारांपुढच्यांना २४. दरपत्रकावरचे शब्द तेच असू शकतात. या पद्धतीत ३,००० घेतली तर काहीच सवलत मिळत नाही, आणि ६,००० घेतली तर सरासरी दर २४.७५ पडतो. त्या सहा हजारांचा वार्षिक खर्च ३,१६,८२० होतो. मधल्या टप्प्यातलं सर्वोत्तम प्रमाण सुमारे ३,१९४ निघतं आणि तिथंही खर्च ३,१२,९६३ रुपये. आता २,००० खोकी आणि ३,१२,००० रुपये हेच सर्वांत स्वस्त ठरतं. कमी झालेला दर सगळ्या मालाला लागणार की फक्त वरच्या, हे ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्यावं. पहिल्या बिलावर कळतं, पण तोवर सहा हजार खोकी गोदामात आलेली असतात.

गैरसमज: सवलत हवी तर सगळा माल एकदम उचललाच पाहिजे.

पुरवठादार कमी दर का देतो, हे पाहिलं की हा समज सैल होतो. छापील खोक्यांत त्याचा वेळ जातो तो छपाईचा ब्लॉक चढवण्यात, शाई बदलण्यात, यंत्राचं माप बसवण्यात. एकदा यंत्र लागलं की दोन हजार काढा नाहीतर सहा हजार, ती तयारी एकदाच होते. त्याची बचत एकदम छापण्यात आहे, एकदम पोचवण्यात नाही. म्हणून वर्षभराच्या १२,००० खोक्यांचा दर-करार करून दर दोन महिन्यांनी २,००० उचलायची, हा प्रस्ताव ठेवता येतो. २४ रुपये दर मिळाला तर वर्षाचा खर्च २,९९,७६० रुपये. माल त्याच्याकडे पडून राहणार म्हणून त्यानं पन्नास पैसे वाढवून मागितले आणि २४.५०वर आला, तरी खर्च ३,०५,८८० होतो, म्हणजे तक्त्यातल्या सर्वांत स्वस्त ओळीपेक्षाही ९४० रुपयांनी कमी.

अडचण एकाच ठिकाणी आहे. खोक्यावरचा मजकूर मधेच बदलावा लागला, तर पुरवठादाराकडे छापून पडलेला माल कोणाच्या माथी? करारात हे लिहिलं नसेल तर तो आपल्याच माथी येतो, आणि रद्दीत जाणाऱ्या खोक्यांसाठी धरलेले ४ टक्के तेव्हा अपुरे पडतात. म्हणून एका वेळी जास्तीत जास्त किती खोकी छापून ठेवायची, याची मर्यादा दराच्या शेजारीच लिहून घ्यावी.