जास्तीच्या एका रात्रीचे पैसे

सेव्हिलमधल्या एका लहान हॉटेलचे उदाहरण घेऊ. खोली हॉटेलच्याच संकेतस्थळावरून ठरवली होती. १४ मे ते १६ मे, दोन रात्री, रात्रीला ११२ युरो, एकूण २२४. पुण्याला परतल्यावर कार्डाचा हिशेब पाहिला, तर ३३६ युरो गेलेले. हॉटेलच्या नोंदवहीत कुणीतरी जाण्याची तारीख १६ ऐवजी १७ टाकली होती. फोन करावा तर स्पॅनिश येत नाही, आणि रात्रपाळीच्या माणसाला इंग्रजी बेताचेच. मग ईमेल लिहायचा, आणि तोही शक्यतो स्पॅनिशमध्ये. असे पत्र हिशेब पाहणाऱ्या माणसापर्यंत थेट जाते. इंग्रजी पत्र ‘वाचता येणारा कुणी आला की बघू’ म्हणून बाजूला पडण्याची शक्यता जास्त.

लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायची. पैसे खरोखर गेले आहेत की नुसते अडकले आहेत? अनेक हॉटेले आल्या आल्या कार्डावर काही रक्कम राखून ठेवतात. स्पेनमध्ये तिला ‘प्रेआउतोरिसासिओन’, म्हणजे आगाऊ मंजुरी, म्हणतात. बँकेचा संदेश दोन्ही वेळा सारखाच येतो, त्यामुळे पैसे कापले गेले असे वाटते. पण ही रक्कम हिशेबात ‘प्रलंबित’ म्हणून दिसते आणि काही दिवसांनी आपोआप सुटते. अशा रकमेचा परतावा मागितला तर हॉटेल प्रामाणिकपणे उत्तर देते की आम्ही काही घेतलेच नाही, आणि पत्रव्यवहार तिथेच फसतो. आपल्या उदाहरणात ३३६ ची नोंद पक्की झालेली आहे, म्हणून परतावा मागणे योग्य. त्या नोंदीत पैसे घेणाऱ्याचे नाव कोणाचे आहे हेही पाहावे. खोली एखाद्या मध्यस्थ संकेतस्थळावरून घेतली असेल आणि पैसे त्यानेच घेतले असतील, तर हॉटेलच्या हातात परत करण्यासारखे काही नसते. पत्र त्या मध्यस्थाला जायला हवे.

आता पत्राकडे येऊ. स्पॅनिशमधली औपचारिक सभ्यता मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा जवळची वाटेल असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे जसे ‘तू’ आणि ‘आपण’, तसे तिथे ‘तू’ आणि ‘उस्तेद’. ‘तू’चा उच्चारही तोच आणि अर्थही तोच. हॉटेलला लिहिताना ‘उस्तेद’, अनेकांना मिळून ‘उस्तेदेस’. आज स्पेनमधले हॉटेलवाले समोरासमोर सर्रास अरेतुरे करतात, जाहिरातींतही करतात. पण पैशाच्या तक्रारीत ‘उस्तेदेस’च शोभते, कारण हे पत्र पुढे कार्यालयात दाखवायची वेळ येऊ शकते. एकदा ते धरले की शेवटपर्यंत सोडायचे नाही. नवशिके लोक पहिल्या ओळीत ‘आपण’ लिहितात आणि चौथ्या ओळीत ‘तुझे हॉटेल’ म्हणून जातात. वाचणाऱ्याला ते फार खटकते.

सुरुवात ‘एस्तिमादोस सेन्योरेस’ अशी करतात, म्हणजे आपले ‘माननीय महोदय’. त्यानंतर स्वल्पविराम न देता अपूर्णविराम, दोन टिंबे, देतात. हल्ली ईमेलमध्ये नुसते ‘बुएनोस दीआस’ही चालते. पुढचे वाक्य लगेच कामाचे असते: ‘मे दिरिखो आ उस्तेदेस एन रेलासिओन कोन ला रेसेर्वा नूमेरो...’, म्हणजे अमुक क्रमांकाच्या आरक्षणाच्या संदर्भात आपल्याला लिहीत आहे. या क्रमांकाला स्पेनच्या पर्यटन व्यवसायात ‘लोकालिसादोर’ म्हणतात. तो विषयाच्या ओळीतही घालावा.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाने विशेष जपायला हवे. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे असतात, आधी साधारणपणे वडिलांचे आणि मग आईचे, आणि नोंद पहिल्या आडनावाखाली केली जाते. आपल्या तीन शब्दी नावात मधला शब्द वडिलांचा किंवा नवऱ्याचा असतो. स्वागतकक्षातला माणूस त्यालाच पहिले आडनाव समजतो. मग ‘या आडनावाचे आरक्षण आमच्याकडे नाही’ असे उत्तर येते, आणि खोली मात्र मधल्या नावाखाली नोंदलेली असते. म्हणून पारपत्रावर जसे आहे तसे पूर्ण नाव द्यावे आणि शोध मात्र क्रमांकावरून घेऊ द्यावा.

आता पत्राचा गाभा. चूक कशी सांगायची? आपल्याकडे ‘तुम्ही चूक केलीत’ आणि ‘चूक झाली आहे’ यांत किती अंतर आहे हे सांगायला नको. दुसऱ्या वाक्यात समोरच्याला सुधारणा करायला वाव राहतो. स्पॅनिशमध्ये नेमकी हीच सोय आहे: ‘से आ प्रोदुसिदो उन एर्रोर’, म्हणजे एक चूक घडली आहे. कोणी केली याचा उल्लेखच नाही. त्यापुढे: ‘से मे आ कोब्रादो ऊना नोचे दे मास’, माझ्याकडून एक रात्र जास्तीची आकारली गेली आहे. आरोप नाही, पण मुद्दा पूर्ण आहे. चिडून लिहिणारा माणूस इथे ‘तुम्ही मला लुबाडलेत’ असे लिहितो आणि वाचणाऱ्याला आपली बाजू सावरायला लावतो. आपल्याला तर त्याने नोंदवही उघडून १७ चा १६ करायला हवा असतो.

यानंतर आकडे सांगायचे, आणि ते तिथल्या पद्धतीने. स्पेनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि युरोचे चिन्ह आकड्यानंतर येते. आपल्या सवयीने कुणी १,१२० असे लिहिले, तर तिथला वाचक ते एक पूर्णांक आणि काही असे वाचू शकतो. तारखा आपल्यासारख्याच, आधी दिवस आणि मग महिना, पण रात्री मोजताना दोन्ही टोके सांगतात: ‘देल १४ आल १६ दे मायो, दोस नोचेस’. आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत ‘दोन रात्री, तीन दिवस’ असे म्हणतात. ती मोजणी पत्रात आणली तर गोंधळच वाढतो. ‘तीन दिवस राहिलो’ हे वाक्य हॉटेलच्या बाजूने पुरावा ठरू शकते! रात्रींची संख्या आणि दोन तारखा, एवढेच लिहावे. मग सरळ हिशेब: ठरलेली रक्कम २२४, आकारलेली ३३६, फरक ११२ युरो. रुपयांतली रक्कम लिहू नये. पैसे परत येतील तेव्हा युरोचा भाव वेगळा असेल आणि बँकेचे शुल्कही वेगळे लागेल. हॉटेलला युरोच परत करायचे आहेत.

मागणीचे वाक्य हे साऱ्या पत्रातले सर्वांत सुरेख वाक्य असते: ‘लेस आग्रादेसेरीआ के मे देवोल्विएरान एल इम्पोर्ते कोब्रादो दे मास’. जास्त आकारलेली रक्कम परत केलीत तर आभारी होईन. यात ‘कृपया’ हा शब्द नाही. नम्रता सगळी क्रियापदांच्या रूपात आहे. ‘आभारी आहे’ ऐवजी ‘आभारी होईन’, आणि ‘परत करा’ या आज्ञेऐवजी आपल्या ‘परत करावी’ला जवळचे असे विनंतीचे रूप. सरकारी पत्रात आपण ‘रक्कम परत करावी, ही विनंती’ लिहितो तेव्हा तो ‘करावी’ जे काम करतो, तेच इथे ‘देवोल्विएरान’ करते. भारतीय इंग्रजीतल्या पत्रांत आपण सुरुवातीला त्रास दिल्याबद्दल माफी मागतो आणि शेवटी पुन्हा विनवण्या करतो. त्याचे थेट स्पॅनिश केले तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की या पाहुण्याचे नक्की म्हणणे काय. क्रियापद नीट असेल तर बाकीचे पत्र कोरडे असले तरी कुणाला उद्धट वाटत नाही.

त्यानंतर पुरावे: ‘आदखुन्तो’, म्हणजे सोबत जोडत आहे, असे म्हणून आरक्षणाची पुष्टी आणि बँकेच्या हिशेबातली ती एक ओळ जोडावी. कार्डाचा पूर्ण क्रमांक कधीही ईमेलमध्ये लिहू नये, शेवटचे चार आकडे पुरतात. परतावा त्याच कार्डावर हवा हेही लिहावे. शेवट ‘आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता’, आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, आणि ‘आतेन्तामेन्ते’ हा एक शब्द, मग सही. सगळे पत्र दहाबारा ओळींचे होते.

हे पत्र कुठे चालत नाही तेही सांगायला हवे. परतावा न मिळणाऱ्या दराने खोली घेतली आणि आपल्याच हातून तारीख चुकली, तर नम्र स्पॅनिशही फारसे कामाला येत नाही. युरोपात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करता येते असे ऐकून काहीजण त्याचा आधार घेतात. पण युरोपीय ग्राहक कायद्याने ठरावीक तारखांच्या मुक्कामाला त्या हक्कातून वगळलेले आहे. तिथे फक्त सौजन्याने सवलत मागता येते, आणि मग पत्रातला ‘चूक घडली आहे’ हा सूर सोडून द्यावा लागतो.

उत्तर आलेच नाही तर? आठदहा दिवसांनी पहिलेच पत्र खाली ठेवून दुसरे पाठवावे, आणि या वेळी ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’चा उल्लेख करावा. हा स्पेनमधला अधिकृत तक्रारीचा अर्ज. तिथल्या हॉटेलांना तो ग्राहकासाठी ठेवावाच लागतो, आणि स्वागतकक्षाजवळ तशी पाटी लावलेली असते. नियम प्रत्येक स्वायत्त प्रांताचे वेगळे आहेत. सेव्हिल ज्या आन्दालुसीआत येते तिथे व्यावसायिकाला उत्तरासाठी दहा कामाचे दिवस मिळतात. तिथले नियम ‘केखा’ आणि ‘रेक्लामासिओन’ यांत फरक करतात. पहिल्यात नुसती नाराजी नोंदवलेली असते, दुसऱ्यात काही ठोस मागितलेले असते. आपल्याला ११२ युरो हवे आहेत, म्हणून आपली ती ‘रेक्लामासिओन’. पहिल्याच पत्रात मात्र हा उल्लेख करू नये. बहुतेक लहान हॉटेले पहिल्या पत्रावरच नोंदवही बघतात, आणि धमकीचा वास आला की तेच काम आठवडाभर लांबते.

शेवटी ‘देवोलुसिओन’ झाल्याचे उत्तर येते. त्यावर समाधान मानून थांबू नये. पैसे दोन बँकांमधून येतात, वाटेत काही दिवस जातात, क्वचित अडकतातही. अशा वेळी हॉटेलकडून परताव्याची पावती मागावी आणि त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही. कार्डाच्या व्यवहाराला तेवीस आकड्यांचा असा एक क्रमांक मिळतो. तो आपल्या बँकेला दिला की ११२ युरो नेमके कुठवर पोहोचले आहेत ते तिला शोधता येते.