चार पानांचा अहवाल, एक परिच्छेद

शाळेचे विज्ञान प्रदर्शन बहुतेक वेळा कामाच्या दिवशी भरते. आई कारखान्यात पहिल्या पाळीला, वडील शेतावर किंवा दुकानात, ज्यांना सुट्टी मिळते ते येतात, बाकीचे संध्याकाळी मुलाला विचारतात, "कसं झालं रे?" मूल म्हणते, "छान झालं." त्यानंतर पंधरा दिवसांनी शाळेचे वार्तापत्र घरी येते. त्यातला प्रदर्शनाचा परिच्छेद हे त्या पालकांचे प्रदर्शन असते, कारण तोवर प्रतिकृती मोडून थर्माकोल कचऱ्यात गेलेला असतो. हा परिच्छेद बहुधा विज्ञानाच्या किंवा मराठीच्या शिक्षकांवर येतो आणि हाताशी असतो तो प्रदर्शनाचा अहवाल.

अडचण तिथेच सुरू होते. अहवाल पालकांसाठी लिहिलेलाच नसतो. तो मुख्याध्यापकांच्या फाइलसाठी असतो, पुढे तालुका पातळीवर प्रवेशिका पाठवायच्या म्हणून असतो, खर्चाचा हिशेब द्यायचा म्हणून असतो. त्यामुळे त्यात दीपप्रज्वलन कोणी केले, परीक्षक कोण होते, कोणत्या गटात किती प्रवेशिका आल्या, क्रमांक कोणाचे आणि आभार कोणी मानले हे सगळे नीट सापडते. प्रत्यक्ष प्रयोगाला मात्र एकेक ओळ मिळते. अहवालाच्या दृष्टीने हे बरोबरही आहे. पण त्याचेच आकुंचन करून परिच्छेद केला की तो काहीसा असा उतरतो:

"शाळेत विज्ञान प्रदर्शन मोठ्या उत्साहात पार पडले. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन झाले. एकूण 48 उपकरणे मांडण्यात आली होती. विद्यार्थ्यांनी जलसंधारण, आरोग्य, ऊर्जा अशा विविध विषयांवर प्रतिकृती सादर केल्या. इंधनाशिवाय अखंड वीजनिर्मिती करणारे उपकरण सर्वांचे आकर्षण ठरले. मान्यवरांनी विद्यार्थ्यांचे कौतुक केले. सर्वांच्या सहकार्याने कार्यक्रम यशस्वी झाला."

हा परिच्छेद मी नमुन्यादाखल रचला आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातल्या वार्तापत्रात तो खपून जाईल, आणि हाच त्याचा मोठा दोष. मागच्या वर्षीच्या प्रदर्शनालाही तो लागू पडला असता. मुलांनी नेमके काय केले हे यातल्या एकाही वाक्यातून कळत नाही, आणि दोन वाक्ये तर चुकीची आहेत. त्या दोन चुकांपासूनच सुरुवात करू, कारण अहवालावरून परिच्छेद करताना त्या हमखास होतात.

पहिली आकड्याची. समजा, आपल्या नमुन्याच्या अहवालात पहिल्या पानावर "एकूण 48" आहे आणि गटवार तक्त्यात सहावी ते आठवीच्या 29, नववी-दहावीच्या 17. बेरीज 46 होते. उरलेल्या दोन कुठल्या? चौथ्या पानावर उत्तर मिळते: शिक्षकांनी तयार केलेली शैक्षणिक साधने. विज्ञान प्रदर्शनांत शिक्षकांचा स्वतंत्र गट असतो आणि एकूण बेरजेत तो मिसळतो. पालकांना सांगायचे ते मुलांचे काम, म्हणून 46. कुठलाही आकडा उचलण्याआधी गटवार बेरीज करून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे. प्रदर्शनाला भेट देणाऱ्यांच्या संख्येबाबत मात्र वेगळी काळजी लागते. ती बहुधा अंदाजे टाकलेली असते, आणि तिची नोंद कुठे नसेल तर ती सरळ सोडून द्यावी.

दुसरी चूक गंभीर आहे. "इंधनाशिवाय अखंड वीज" देणारे उपकरण अनेक शालेय प्रदर्शनांत दिसते. बॅटरीवर चालणारी मोटर एक चाक फिरवते, चाकाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो फिरतो, त्यावर छोटा बल्ब लागतो. मूल सांगते की ही वीज परत मोटरला दिली की यंत्र कायम चालू राहील, आणि अहवाल लिहिणारा ते तसेच टिपून घेतो. प्रत्यक्षात पट्ट्याच्या घर्षणात आणि तारांच्या वेटोळ्यांत थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, त्यामुळे डायनॅमोकडून परत मिळणारी वीज मोटरने घेतलेल्या विजेपेक्षा कमीच भरते. खात्री करायची सोपी रीत म्हणजे बॅटरीची तार काढायची. चाक काही क्षणांत थांबते. शाळेच्या नावाखाली छापलेले वाक्य पालक खरे मानतात, म्हणून ते जसेच्या तसे देऊ नये. आणि मुलाचा अपमान होऊ नये म्हणून ते गाळूही नये. त्याने जे खरोखर दाखवले ते लिहावे: बॅटरीतली वीज फिरण्यात आणि फिरणे पुन्हा विजेत कसे बदलते हे नववीच्या मुलाने चालत्या यंत्रावर दाखवले. हे वाक्य खरे आहे आणि त्यात त्याची मेहनतही आली.

आता मुख्य प्रश्न: एका परिच्छेदात 46 प्रयोग कसे मावणार? ते मावत नाहीत, आणि माववू नयेत. माझे स्पष्ट मत आहे की एकच प्रयोग निवडावा आणि तो प्रश्नापासून निष्कर्षापर्यंत पूर्ण सांगावा. "जलसंधारण, आरोग्य, ऊर्जा" अशी विषयांची माळ वाचून न आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीही उभे राहत नाही.

निवडायचा कोणता? पहिल्या क्रमांकाचाच घ्यावा असा मोह होतो. पण परीक्षकांची फुटपट्टी वेगळी असते. एनसीईआरटीच्या मार्गदर्शक निकषांत मुलांची स्वतःची कल्पकता, नावीन्य, वैज्ञानिक विचार, कारागिरी, उपयुक्तता, कमी खर्च आणि टिकाऊपणा, मांडणी अशा सगळ्यांना वेगवेगळे गुण आहेत. उत्तम कारागिरीच्या बळावर इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी पहिला येऊ शकतो, आणि तो पाहायला खरेच मजा येते, पण शब्दांत सांगायला त्याच्याजवळ फारसे काही नसते. परिच्छेदासाठी असा प्रयोग हवा ज्यात मुलांनी स्वतः काहीतरी मोजले आहे आणि ज्याचा विषय घरात कुणालाही कळेल.

आपल्या नमुना अहवालात दुसऱ्या क्रमांकापुढे एवढीच ओळ आहे असे धरू: "माठातील पाणी थंड राहण्याचे शास्त्रीय कारण, बाष्पीभवन. इयत्ता आठवी." या ओळीवरून परिच्छेद होत नाही. माठात पाणी गार राहते हे प्रत्येक आजीला माहीत आहे. इथे अहवाल बाजूला ठेवून मुलींची नोंदवही मागवावी लागते. प्रत्येक प्रयोगाजवळ ती ठेवलेली असते, परीक्षक ती चाळतात, आणि अहवालात तिचा मजकूर येत नाही. ती उघडल्यावर कळते की मुलींचा प्रश्न वेगळाच होता: हल्ली माठ बाहेरून रंगवून विकतात, त्या रंगाने काही फरक पडतो का? त्यांनी सारख्या आकाराचे दोन माठ घेतले, एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात दिले, दोन्हींत सारखेच पाणी भरून सावलीत शेजारी शेजारी ठेवले. तपमान मोजले, वजनही केले. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले आणि आकडे बिघडले, तरी ते त्यांनी खोडले नाहीत. परिच्छेदाचा खरा ऐवज या वहीत आहे. त्यातून असे लिहिता येईल:

"यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी 46 प्रयोग मांडले. आठवीच्या तीन मुलींचा प्रश्न होता, माठाला बाहेरून ऑइल पेंट दिला तर पाणी गार होते का? सारखे दोन माठ, एक साधा आणि एक रंगवलेला, त्यांनी व्हरांड्याच्या सावलीत ठेवले आणि सकाळी आठ वाजता दोन्हींत 26 अंशांचे पाणी भरले. दुपारी दोनला साध्या माठातले पाणी 22 अंशांवर आले होते, रंगवलेल्यातले 29 वर गेले होते. साध्या माठाचे वजन सुमारे 180 ग्रॅमने घटले. तेवढे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरून वाफ झाले, आणि वाफ होताना त्याने माठातली उष्णता नेली. रंगाने ती छिद्रे बुजली होती. ढगाळ, दमट दिवशी मात्र साध्या माठातही पाणी एकाच अंशाने उतरले. सगळे प्रयोग शनिवारपर्यंत प्रयोगशाळेत ठेवले आहेत, संध्याकाळी साडेपाचपर्यंत येऊन पाहता येतील. बक्षिसांची यादी पान 3 वर आहे."

शंभराच्या आसपास शब्द झाले. जुन्या परिच्छेदापेक्षा हा मोठा आहे, तरी वाचायला कमी वेळ लागतो, कारण प्रत्येक वाक्य पुढच्याची वाट उघडते. यात आठ आणि दोन या वेळा का ठेवल्या? कारण सहा तासांत काय झाले हे कळल्याशिवाय चार अंशांचा फरक थोडा की बराच हे ठरत नाही. वजनाचा आकडा ठेवला, कारण पाणी खरोखर उडून गेले याचा पुरावा तोच आहे. तो काढला तर "बाष्पीभवन" हा फक्त पाठ केलेला शब्द उरतो, म्हणून परिच्छेदात तो शब्द मी वापरलाच नाही.

ढगाळ दिवसाचे वाक्य संपादक जागेअभावी कापायला निघतात. ते वाचवण्यासाठी मी भांडेन. हवेत आधीच ओलावा असला की पाणी सावकाश वाफ होते आणि माठ गार होत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या पालकाने हा प्रयोग घरी केला तर त्याला नागपूरच्या उन्हाळ्यासारखा फरक दिसणार नाही. ते वाक्य नसेल तर त्याला वाटेल मुलींनी आकडे रचले. शिवाय "सिद्ध केले" असेही लिहिलेले नाही. दोन माठ आणि तीन दिवस यांतून एवढेच म्हणता येते की या माठांत, या रंगाने, असे झाले. रंगाचा प्रकार लिहिला तोही याचसाठी. चुना किंवा गेरू लावलेल्या माठाबद्दल या प्रयोगातून काहीच सांगता येत नाही.

मुलींची नावे परिच्छेदात नाहीत, याचे काही शिक्षकांना वाईट वाटेल. एकाच प्रयोगातल्या तिघींची नावे आली की उरलेल्या 45 प्रयोगांतल्या मुलांच्या घरी ती खटकतात, आणि सगळी नावे घातली तर परिच्छेदाची हजेरी होते. म्हणून नावे यादीत, पूर्ण आणि शुद्ध, प्रत्येक सहभागी मुलाचे, क्रमांक आला असो वा नसो. यादी छापायला जाण्यापूर्वी वर्गशिक्षकांकडून हजेरीपटाशी ताडून घ्यावी. परीक्षकांच्या घाईच्या अक्षरातले नाव अहवालात बदलते आणि तिथून थेट छापले जाते. फोटो द्यायचा तर पालकांची संमती आधी घ्यावी, आणि शक्यतो चेहऱ्यांऐवजी दोन्ही माठ आणि तापमापी दिसेल असा निवडावा.

शेवटी परिच्छेद छापण्याआधी त्या तीन मुलींना वाचून दाखवावा. 26 चे 28 झाले असेल, सकाळचे दुपारी झाले असेल, तर त्या लगेच सांगतील. त्यांच्या वहीतले आकडे त्यांना तोंडपाठ असतात.