बिघाड कोणता, मागणी कोणती?

जालना जिल्ह्यातील शेतकरी आपल्या शेतातील सोयाबीन, कापूस किंवा मोसंबीची नोंद मोबाइलवरून सातबाऱ्यावर करतात. त्यासाठीचे ‘ई-पीक पाहणी’ हे अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाले. नोंद चुकली, तर पुढे नुकसानभरपाई मागताना अडचण येऊ शकते. म्हणून अशा अ‍ॅपविषयी वापरणारे काय लिहितात, हे नीट वाचता आले पाहिजे.

समजा, अशा अभिप्रायांचे काही स्क्रीनशॉट आपल्या हाती आले. त्यांतील बिघाड आणि मागण्या वेगळ्या कशा करायच्या? जे काम अ‍ॅपने करायचे ठरले आहे, पण होत नाही, तो बिघाड. जे ठरलेलेच नाही, पण असावेसे वाटते, ती मागणी. लिहिणाऱ्याचा राग किंवा त्याने दिलेले तारे यांवरून हे ठरत नाही.

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ : ‘पीक चुकून वेगळे निवडले, आता बदलता येत नाही.’ सप्टेंबर २०२१ मध्ये ही मागणी ठरते, कारण पहिल्या आवृत्तीत शेतकऱ्याने स्वतः दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांच्या आत दुरुस्ती करण्याची सोय झाली. त्यानंतर तेच वाक्य कोणी नोंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिले असेल, तर तो बिघाड होय. आठवड्यानंतर लिहिले असेल, तर मुदत वाढवावी अशी ती मागणी होते. शब्द तेच, वर्ग मात्र बदलला. म्हणून स्क्रीनशॉट कापताना अभिप्रायाची तारीख कधीही कापू नये.

मोजणीतही दोन चुका हमखास होतात. पडदा सरकवत काढलेल्या चित्रांत एकच अभिप्राय दोनदा येतो. तारीख आणि मजकूर जुळवून तो एकदाच धरावा. लांब अभिप्राय अर्धाच दिसतो. तो पूर्ण उघडून मगच चित्र घ्यावे. शिवाय एकाच अभिप्रायात ‘फोटो अपलोड होत नाही, आणि जुन्या हंगामाची नोंदही दिसावी’ अशा दोन गोष्टी असतात. तेव्हा अभिप्राय नव्हे, विधान हे मोजणीचे एकक मानावे. मग फोटो, दुरुस्ती, ओटीपी अशा विषयांखाली विधाने मांडली की सारांश तयार होतो.

‘नोंद होत नाही’ एवढेच लिहिले असेल तर? दोष अ‍ॅपचा, नेटवर्कचा की चुकीच्या गट क्रमांकाचा, हे त्यावरून कळत नाही. अशी विधाने ‘अनिश्चित’ या तिसऱ्या रकान्यात ठेवावीत. ओढूनताणून बिघाडात घालू नयेत. आणि एक मर्यादा विसरू नये : ज्याच्या शिवारात नेटवर्कच नाही, त्याचा अभिप्राय या चित्रांत बहुधा नसतोच. त्यामुळे आलेल्या आकड्यांवरून लिहिणाऱ्यांच्या अडचणी कळतात, साऱ्या जिल्ह्याच्या नव्हेत.