व्ह्यूफाइंडर धूसर का दिसतो?

कॅमेरा डोळ्याला लावला की सगळं पुसट दिसतं. लेन्स पुसून झाली, फोकस पुन्हा करून झाला, तरी फरक पडत नाही. मग संशय लेन्सवर जातो आणि ती दुरुस्तीला टाकायची तयारी सुरू होते. पण त्याच कॅमेऱ्याने ऑटोफोकसवर काढलेला फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, तर पाखराचं पीस न् पीस वेगळं दिसतं. फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडर धूसर, अशी जोडी दिसली तर लेन्स बहुधा निर्दोष असते. दुरुस्त करायचं असतं ते व्ह्यूफाइंडरच्या कडेला असलेलं एक छोटं चाक. त्यावर किंवा त्याच्या शेजारी अधिक आणि उणे अशा खुणा असतात. हे डायॉप्टरचं चाक. कॅमेरा विकत घेताना ते कुणी दाखवत नाही, आणि बॅगेत घासून किंवा दुसऱ्याच्या हातून ते फिरलं तरी पटकन लक्षात येत नाही.

हे चाक काय करतं ते समजायला कॅमेऱ्यात थोडं डोकवावं लागेल. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर जातो आणि तिथल्या फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे एका दुधी पडद्यावर, दृश्य उमटतं. आपण व्ह्यूफाइंडरमधून पाहतो ते बाहेरचं झाड किंवा माणूस नव्हे, तर हा पडदा. मिररलेस कॅमेऱ्यात त्याच्या जागी एक चिमुकला इलेक्ट्रॉनिक स्क्रीन असतो. पडदा असो वा स्क्रीन, तो डोळ्यापासून इतका जवळ असतो की नुसत्या डोळ्यांनी तो वाचताच येणार नाही. म्हणून मध्ये भिंगं बसवलेली असतात. ती भिंगं पडदा मोठा करून दाखवतात आणि तो काही अंतरावर आहे असा भास निर्माण करतात. डीएसएलआरमध्ये हे भासमान अंतर साधारणपणे एक मीटरच्या आसपास ठेवलेलं असतं. डायॉप्टरचं चाक फिरवलं की आतलं भिंग पुढेमागे सरकतं आणि हे अंतर बदलतं. बाहेरच्या लेन्सशी, फोकसशी किंवा फोटोशी या चाकाचा काही संबंध नाही. ते फक्त तुमच्या डोळ्यासाठी आहे.

यातून दोन गैरसमज आपोआप सुटतात. पहिला असा, की ‘माझा लांबचा नंबर आहे, म्हणून मला व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त लांबच्या गोष्टी पुसट दिसणार.’ तसं होत नाही. समोरचा डोंगर काय आणि हातभरावरचं फूल काय, दोन्ही त्याच पडद्यावर उमटतात. चाक चुकीच्या जागी असेल तर दोन्ही सारखेच धूसर दिसतात. दुसरा गैरसमज चाळिशीचा. कॅमेरा डोळ्याला चिकटलेला असतो, म्हणून काही जण वाचायचा चष्मा लावून व्ह्यूफाइंडरमध्ये पाहतात. पण वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे सुमारे चाळीस सेंटीमीटरसाठी, बनवलेला असतो. व्ह्यूफाइंडर डोळ्याला दाखवतो ते अंतर त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे तिथे वाचायचा चष्मा अनेकदा गरजेपेक्षा जास्त होतो.

आता दोष चाकाचा आहे की फोकसचा, हे ओळखायचं कसं? यासाठी दृश्याकडे पाहायचं नाही, व्ह्यूफाइंडरमधल्या खुणांकडे पाहायचं. कडेला शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चरचे आकडे असतात, मध्ये फोकस पॉइंटच्या लहान चौकटी असतात. या खुणा लेन्समधून आलेल्या नसतात, त्यामुळे लेन्सचा फोकस कितीही चुकला तरी त्यांच्यावर परिणाम होत नाही. आकडे लख्ख आणि दृश्य पुसट असेल, तर फोकस चुकला आहे. आकडेही पुसट असतील, तर चाक चुकलं आहे किंवा व्ह्यूफाइंडरच्या काचेवर तेलकट बोट लागलं आहे. ती काच आधी मऊ कापडाने पुसून घ्यावी. काही डीएसएलआरमध्ये बॅटरी पूर्ण उतरली की व्ह्यूफाइंडर अंधुक होतो. तो दोष नसतो, बॅटरी घातली की तो उजळतो.

चाक लावायचं तेही याच खुणा पाहून. डीएसएलआर असेल तर लेन्सचं झाकण काढून कॅमेरा मोकळ्या आकाशाकडे किंवा उजळ भिंतीकडे धरा. सूर्य मात्र चौकटीत नको. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका आणि दृश्य मुद्दाम बिघडवून ठेवा, म्हणजे डोळा त्याच्या मागे धावणार नाही. शटरचं बटण अर्धं दाबलं की आकडे उजळतात. मिररलेसमध्ये पडद्यावर माहिती दिसेल असा डिस्प्ले निवडला की पुरे. नंतर ज्या डोळ्याने तुम्ही नेहमी फोटो काढता तोच डोळा लावा. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असू शकतात. उजव्या डोळ्याने चाक लावायचं आणि डाव्याने फोटो काढायचे, असं केलं तर मेहनत वाया जाते.

पुढची पायरी बहुतेक जण उलटी करतात किंवा तिच्याकडे लक्षच देत नाहीत. चाक आधी अधिकच्या टोकापर्यंत न्या. बहुतेकांना आकडे आता पार पुसट दिसतील. मग ते सावकाश, एकेक टक करत, उणेच्या दिशेला फिरवा. आकडे पहिल्यांदा ज्या टकेला स्वच्छ दिसतील तिथे थांबा. त्यापुढेही ते स्वच्छच दिसत राहतील, कदाचित अधिक काळे आणि रेखीव वाटतील, पण त्या मोहात पडू नका.

याचं कारण डोळ्याच्या आतल्या भिंगात आहे. जवळचं पाहताना ते फुगतं आणि फोकस सावरून घेतं. चाक उणेकडे जास्त फिरवलं, तर व्ह्यूफाइंडरचा पडदा जणू डोळ्याच्या जवळ येतो. तरुण डोळा ते विनातक्रार सावरतो, म्हणून आकडे स्वच्छच दिसतात. पण त्या डोळ्याचे स्नायू सतत ताणलेले राहतात. दुपारभर लग्नाचे फोटो काढून कपाळ ठणकण्यामागे हेही एक कारण असू शकतं. विशीतल्या माणसाला चाकाच्या अनेक जागा सारख्याच स्वच्छ वाटतात, त्या यामुळेच. अशा वेळी नियम एकच : स्वच्छ दिसणाऱ्या जागांपैकी अधिकच्या सर्वांत जवळची निवडायची. डोळे तपासतानाही आधी अधिकचं भिंग लावून दृष्टी धूसर करायची आणि मग हळूहळू कमी करत जायचं, अशी एक पद्धत आहे. तिच्यामागचा हेतूही हाच, की डोळ्याने जोर लावून खरा नंबर लपवू नये.

शेवटी एक पडताळणी करा. कॅमेरा खाली घ्या, लांबच्या झाडाकडे थोडा वेळ पाहा आणि पुन्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. आकडे लगेच स्वच्छ दिसले तर काम झालं. क्षणभर पुसट दिसून मग जुळत असतील, तर डोळा अजून कष्ट करतो आहे. अशा वेळी चाक एक टक अधिककडे न्यावं.

एक उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांचे एक बाबा आणि त्यांची वीस वर्षांची मुलगी, दोघांत मिळून एक डीएसएलआर, आणि भिगवणला रोहित पक्षी पाहायला जायचं आहे. बाबांचा लांबचा नंबर उणे दीड, शिवाय चाळिशी लागलेली. मुलीला चष्मा नाही. कॅमेऱ्याच्या चाकाची कक्षा उणे तीन ते अधिक एक. बऱ्याच कॅमेऱ्यांना ती एवढी असते. बाबांनी चष्मा काढून पाहायचं ठरवलं, तर चाक उणे दीडजवळ येईल. चाकावर बहुधा आकडे नसतात, म्हणून मधल्या जागेपासून जरासं उणेकडे एवढंच दिसेल. पण होडीत बसून थवा शोधायला चष्मा लागणार, आणि कॅमेरा उचलला की तो काढावा लागणार. या चढउतारात पक्षी उडून जातो.

म्हणून त्यांनी चष्मा लावूनच चाक लावावं. लांबचा नंबर चष्म्याने भरून निघाला, की चाक शून्याजवळ, म्हणजे मधल्या जागेपासून अधिकच्या बाजूला जाईल. पंचावन्नाव्या वर्षी डोळ्याचं भिंग फारसं फुगत नाही, त्यामुळे मधल्या जागेवर त्यांना ताण पडला असता. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर एक पथ्य पाळावं. व्ह्यूफाइंडरमध्ये काचेच्या वरच्या भागातून पाहायचं. मान मागे टाकून खालच्या, वाचायच्या भागातून पाहिलं तर बरोबर लावलेलं चाकही चुकीचं वाटेल. चष्म्यामुळे डोळा थोडा मागे राहतो आणि चौकटीचे कोपरे कापल्यासारखे दिसू शकतात. ते चाकाने सुटत नाही, डोळा किंचित हलवून पाहावं लागतं.

आता मुलीने कॅमेरा घेतला. शून्याजवळचं चाक तिच्या निरोगी डोळ्यालाही चालतं, म्हणजे दोघांची सोय एकाच जागी झाली. बाबांनी बिनचष्म्याचं उणे दीड ठेवलं असतं, तरी तिला स्पष्टच दिसलं असतं. फक्त तिच्या डोळ्याला दीड डायॉप्टरचं काम सतत करावं लागलं असतं, आणि ते तिला कळलंही नसतं.

चाकाला मर्यादा आहेत. ते फक्त अधिक-उणे जाणतं, सिलिंडरचा नंबर त्याच्या हाती नाही. तो ओळखायची सोपी युक्ती अशी : व्ह्यूफाइंडरमध्ये जाळीच्या रेषा सुरू करा. आडव्या रेषा स्वच्छ आणि उभ्या पुसट दिसल्या, तर कॅमेरा उभा धरा. आता ज्या रेषा तुम्हाला उभ्या दिसतात, त्याच पुसट असतील तर दोष तुमच्या डोळ्याच्या सिलिंडरचा. तो चष्मा लावूनच जातो. नंबर मोठा असेल, समजा उणे सहा, तर उणे तीनपर्यंत जाणारं चाक पुरणार नाही, चष्मा ठेवावाच लागेल. उलट अधिकच्या टोकालाच सगळं लख्ख दिसू लागलं, तर चाक संपलं आणि तुम्हाला त्याहून जास्त अधिक हवं असू शकतं. काही कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरवर बसवायला वेगळी डायॉप्टरची भिंगं मिळतात. घेण्याआधी ती दुकानात लावून पाहावीत, कारण त्यांच्यावरचा आकडा आणि चष्म्याचा नंबर नेहमी जुळतो असं नाही.

ऑटोफोकस वापरणाऱ्यांचे फोटो चुकलेल्या चाकामुळे बिघडत नाहीत, कारण फोकस कॅमेऱ्याचे सेन्सर ठरवतात. जुन्या मॅन्युअल लेन्स वापरणाऱ्यांचे बिघडू शकतात. पडदाच नीट दिसत नसेल, तर दृश्य त्यावर कधी रेखीव झालं ते डोळ्याला ठरवता येत नाही. अशांनी प्रत्येक वेळी कॅमेरा बाहेर काढताच आधी आकडे पाहावेत आणि मगच फोकसची रिंग फिरवावी. नंबर बदलला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली किंवा मधुमेहात साखर बरीच वरखाली झाली, तर चाकाची जुनी जागा कामाची राहत नाही. आणि काच स्वच्छ आहे, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, चष्मा लावून आणि काढून पाहिलं, तरी आकडे जुळत नाहीत असं झालं, तर तोच कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्याला लावून पाहा. त्यांना चाक फिरवून स्वच्छ दिसत असेल, तर कॅमेरा दुरुस्तीला न टाकता स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत.