१२८ जीबीचे ११९ कसे होतात?

१२८ जीबीचा नवा पेनड्राइव्ह विंडोज संगणकाला जोडला, की क्षमता सुमारे ११९ जीबी दिसते. उरलेले नऊ जीबी कोणी चोरलेले नसतात; फरक मोजमापाचा असतो.

उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १,०२४च्या पटीत मोजते. त्यामुळे तिचा एक जीबी सुमारे १०७.३७ कोटी बाइटांचा होतो. पेनड्राइव्हमधल्या १२,८०० कोटी बाइटांना या संख्येने भागले, की ११९ येतात. अ‍ॅपलच्या मॅकवर तोच पेनड्राइव्ह १२८च्या आसपास दिसतो. मोबाइलमध्ये मात्र ऑपरेटिंग सिस्टीमही जागा घेते, म्हणून तिथे मोकळी जागा आणखी कमी असते.

क्लाउडवर १०० जीबीचा प्लॅन घेताना खरा प्रश्न असतो तो व्हिडिओंचा. समजा, सहा हजार फोटो आहेत आणि प्रत्येकी सरासरी चार एमबी. ते २४ जीबीत मावतील. पाच तासांचे फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला १३० एमबी घेत असतील, तर आणखी ३९ जीबी लागतील. एकूण झाले ६३. तेच व्हिडिओ फोर-केमध्ये, मिनिटाला ३७५ एमबीने काढले असतील, तर ११२ जीबींहून अधिक जागा लागेल. प्लॅन एकट्या व्हिडिओंनीच भरून वाहील.

हे आकडे फोनगणिक बदलतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, गॅलरीतल्या ‘डिटेल्स’मध्ये त्याचा आकार पाहा आणि आपल्या मिनिटांनी गुणा.